राउटरमध्ये 1.1.1.3 घातला, तरी फिल्टर लागेना: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

तक्रार साधी होती. मुलांसाठीचा डीएनएस राउटरमध्ये टाकून बरेच दिवस झाले, पण नको त्या साइट्स कधी उघडतात, कधी उघडत नाहीत. घरातले गृहस्थ सहकारी बँकेत अधिकारी. त्यांच्या ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने येऊन राउटरमध्ये नंबर घालून दिले होते आणि "आता बिनधास्त राहा साहेब" असं सांगून तो गेला होता. घरात फायबरचं कनेक्शन, ब्रॉडबँडवाल्यांनीच दिलेला राउटर, हॉलमध्ये विंडोजचा एक कॉम्प्युटर, सहावीतल्या मुलाचा अँड्रॉइड टॅबलेट, दहावीतल्या मुलीचा सिमकार्ड घातलेला फोन आणि टीव्ही. अशी घरं मी रोज बघतो आणि निम्म्या घरांत गडबड याच दोन-तीन जागी असते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

"कधी उघडतं, कधी नाही" ही तक्रार मला नेहमी आवडते. फिल्टर अजिबात लागला नसता तर सगळंच उघडलं असतं. अधूनमधून उघडतंय याचा अर्थ घरात पत्ता सांगणारे एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

डीएनएसचं काम एवढंच की साइटचं नाव दिलं की तो तिचा आयपी पत्ता सांगतो. नवख्या गावात आपण नाक्यावरच्या पानवाल्याला घर विचारतो, तसंच. कुटुंबासाठीचा डीएनएस म्हणजे काही घरांचा पत्ता मुद्दाम न सांगणारा पानवाला. पण तो फक्त पत्ता दाबून ठेवू शकतो. घरात कोण काय करतंय हे त्याला दिसत नाही आणि पुढच्या नाक्यावर दुसऱ्या कोणाला विचारलं तर तो काही करू शकत नाही. पुढे जे जे घडलं ते सगळं याच दोन मर्यादांमुळे.

राउटरचं पान उघडलं. पासवर्ड राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचाच होता. म्हणजे घरातल्या कोणालाही, अगदी सहावीतल्या मुलालाही, आत जाता आलं असतं. तो आधी बदलला. मग लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, डीएचसीपी सेटिंगमध्ये पाहिलं. घरातल्या उपकरणांना पत्ता आणि डीएनएस वाटून द्यायचं काम हा डीएचसीपी करतो. तिथे असं होतं:

```
Primary DNS:    1.1.1.3
Secondary DNS:  8.8.8.8
```

1.1.1.3 बरोबर आहे. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची ही कुटुंबासाठीची सेवा १ एप्रिल २०२० ला सुरू झाली. 1.1.1.2 फक्त घातक साइट्स अडवतो, 1.1.1.3 त्यासोबत प्रौढांच्या साइट्सही अडवतो आणि साधा 1.1.1.1 काहीच अडवत नाही. अडचण दुसऱ्या ओळीत आहे. 8.8.8.8 हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. उत्तम चालतो, पण त्याला फिल्टर नाही.

साहेबांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, पहिला बंद पडला तर दुसरा असावा म्हणून घातलाय ना तो?" हा समज इतका पक्का आहे की तो सोडवायला वेळ लागतो. "Secondary" लिहिलेलं असलं तरी फोन आणि कॉम्प्युटर त्या नंबरला राखीव खेळाडू समजत नाहीत. पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की दुसऱ्याला विचारलं जातं, काही उपकरणं दोघांनाही विचारतात, आणि एकदा दुसरा बरा वाटला की काही वेळ त्यालाच धरून बसतात. तेव्हा फिल्टरवाल्या डीएनएसचा जोडीदार त्याच सेवेचा, त्याच दर्जाचा असला पाहिजे. 1.1.1.3 चा जोडीदार 1.0.0.3. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचे दोन्ही नंबर 208.67.222.123 आणि 208.67.220.123. एक इकडचा, एक तिकडचा असं कडबोळं केलं की फिल्टर नशिबावर चालतो.

दुसरा नंबर 1.0.0.3 केला आणि कॉम्प्युटरचं वायफाय बंद करून परत चालू केलं. हे करावंच लागतं. डीएचसीपीने दिलेला डीएनएस उपकरण जोडणी करतानाच उचलतं, राउटरमध्ये बदल झाला म्हणून आपण होऊन लगेच बदलत नाही. वायफाय परत जोडलं की नवे नंबर येतात. शिवाय विंडोजला जुनी उत्तरं लक्षात असतात, ती `ipconfig /flushdns` ने पुसली.

आता तपासायचं कसं? खरी प्रौढ साइट उघडून बघायची गरज नाही, तेही हॉलमध्ये आजी टीव्ही बघत बसलेल्या असताना. क्लाउडफ्लेअरने त्यासाठी चाचणीची नावं ठेवली आहेत. फिल्टर लागला असेल तर अशा नावाला पत्ता म्हणून नुसती शून्यं मिळतात. डीएनएसला नावाचा पत्ता विचारायची कमांड मी कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप केली:

```
nslookup nudity.testcategory.com
```

उत्तरात नीट पत्ता आला. म्हणजे फिल्टर लागलेलाच नाही. पण माझं लक्ष त्या पत्त्यापेक्षा उत्तराच्या वरच्या दोन ओळींवर होतं, कारण उत्तर कोणी दिलं ते तिथे लिहिलेलं असतं:

```
Server:  UnKnown
Address:  fe80::1
```

इथे 1.1.1.3 दिसायला हवा होता. fe80 ने सुरू होणारा पत्ता घरातल्याच उपकरणाचा असतो. इथे तो राउटर स्वतःच, पण आयपीव्हीसिक्स या नव्या प्रकारच्या पत्त्याच्या वाटेने. खात्रीसाठी तोच प्रश्न थेट 1.1.1.3 ला विचारला:

```
nslookup nudity.testcategory.com 1.1.1.3
```

इथे 0.0.0.0 आलं. या एका ओळीला महत्त्व आहे. काही इंटरनेट देणाऱ्या कंपन्या डीएनएसचे प्रश्न वाटेतच पकडून स्वतःकडे वळवतात, मग तुम्ही कुठलाही नंबर घाला, उत्तर त्यांचंच येतं. तसं इथे असतं तर थेट विचारूनही शून्य आलं नसतं. म्हणजे वाट मोकळी होती. कॉम्प्युटर 1.1.1.3 ला विचारतच नव्हता, एवढाच घोळ.

का विचारत नव्हता, ते आता पाहू. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्यांवर घराला दोन प्रकारचे पत्ते मिळतात, जुना आयपीव्हीफोर आणि नवा आयपीव्हीसिक्स. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि दोन्हींसोबत डीएनएस वेगवेगळा येतो. सहकाऱ्याने जे पान बदललं ते फक्त आयपीव्हीफोरचं. आयपीव्हीसिक्सच्या बाजूला राउटर अजूनही घरभर सांगत होता की "पत्ता मला विचारा", आणि स्वतः तो कंपनीच्या डीएनएसला विचारत होता. विंडोजला दोन्ही मिळाले की तो सहसा आयपीव्हीसिक्सवाल्याकडे आधी जातो. म्हणजे राउटरच्या पडद्यावर 1.1.1.3 दिमाखात दिसतोय आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे क्वचितच कोणी जातंय. इंटरनेटवरची बरीचशी मार्गदर्शनं आयपीव्हीफोरच्या पानावर संपतात, म्हणून ही चूक घरोघरी दिसते.

उपाय राउटरवर अवलंबून असतो. या राउटरमध्ये लॅनच्या आयपीव्हीसिक्स पानावर डीएनएस कुठून घ्यायचा ते निवडता येत होतं. तिथे हाताने भरायचा पर्याय निवडला आणि त्याच सेवेचे आयपीव्हीसिक्स पत्ते भरले:

```
2606:4700:4700::1113
2606:4700:4700::1003
```

इथे एक खाचखळगा आहे. आयपीव्हीसिक्समध्ये राउटर डीएनएस दोन वाटांनी सांगू शकतो. एक डीएचसीपीव्हीसिक्स, दुसरी राउटर अधूनमधून घरभर जी घोषणा पाठवतो ती. अँड्रॉइड पहिली वाट वापरतच नाही. त्यामुळे बदल फक्त पहिल्या वाटेवर लागू झाला तर कॉम्प्युटर सुधारतो आणि फोन होता तसाच राहतो. म्हणून कॉम्प्युटर तपासून थांबायचं नाही, फोनवरही ते चाचणीचं नाव ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. इथे नशिबाने राउटर दोन्ही वाटांनी नवाच पत्ता देत होता. कॉम्प्युटर परत जोडल्यावर उत्तराच्या वर 2606:4700:4700::1113 आला आणि खाली शून्यं.

राउटरमध्ये असं पानच नसेल तर? आयपीव्हीसिक्स सरळ बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने काम होतं, पण मी तो शेवटी ठेवतो. बऱ्याच कंपन्या आयपीव्हीफोरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. आयपीव्हीसिक्स गेला की घराचा सगळा भार त्या वाटलेल्या पत्त्यावर पडतो आणि ऑनलाइन गेम किंवा घरचे कॅमेरे बाहेरून बघणं कुरकुर करू लागतं. कंपनीच्या राउटरमागे स्वतःचा एक राउटर लावून घरातलं वायफाय त्याच्याकडे देणं हा जरा खर्चाचा पण शांत उपाय आहे.

ब्राउझरबद्दल थोडक्यात. क्रोममध्ये "Use secure DNS" नावाची सेटिंग असते. लोक सांगतात की तिच्यामुळे फिल्टर टळतो. ती मूळ अवस्थेत, म्हणजे आपोआपवर असेल तर क्रोम सिस्टीमचाच डीएनएस धरतो, फक्त शक्य असेल तिथे तो प्रश्न एन्क्रिप्ट करून पाठवतो. कोणी त्या यादीतून मुद्दाम दुसरी सेवा निवडली असेल तरच फिल्टर चुकतो. या घरात ती आपोआपवरच होती, तशीच राहू दिली.

आता फोन. घरचं वायफाय कितीही नीट केलं तरी मुलीच्या फोनमध्ये सिम आहे. वायफाय बंद केलं की राउटरचा काही संबंध उरत नाही. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, यावर चांगली सोय आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात "Private DNS" सापडतं. काही फोनमध्ये ते दोन पानं आत लपलेलं असतं, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत private टाइप करणं सोपं. तिथे तीन पर्याय असतात: बंद, आपोआप आणि सेवेचं नाव. तिसरा निवडून हे लिहायचं:

```
family.cloudflare-dns.com
```

इथे 1.1.1.3 लिहून चालत नाही आणि पुढे https:// लावूनही चालत नाही. नुसतं नाव हवं. एकदा हे बसलं की वायफाय असो की मोबाइल डेटा, फोन पत्ते त्याच सेवेला विचारतो, तेही एन्क्रिप्ट करून, ८५३ नंबरच्या पोर्टवरून. राउटरने काय सांगितलंय याकडे तो बघत नाही. आयफोनचं वेगळं आहे. तिथे वायफायच्या प्रत्येक नेटवर्कला डीएनएस हाताने भरता येतो, पण मोबाइल डेटासाठी सेवेची प्रोफाइल इन्स्टॉल करावी लागते आणि ती सोय आयओएस १४ पासून आहे. या घरात आयफोन नव्हता.

मुलगी शेजारीच बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, "काका, हे मी बंद केलं तर?" खरं ते सांगितलं: करता येतं, दोन टॅपमध्ये. फोन तुझ्या हातात आहे तोवर ही सेटिंग तुझ्याच हातात आहे. कोणतंही व्हीपीएन ॲप टाकलं तरी बहुधा तेच होतं, कारण मग पत्ते विचारायचं काम व्हीपीएन स्वतःच्या वाटेने करतं. साहेबांचा चेहरा उतरला, पण हे लपवून काय मिळणार? दहावीतल्या मुलीच्या फोनवर हा फिल्टर चुकून लागलेल्या लिंकपासून आणि फसव्या साइट्सपासून वाचवतो. ठरवून शोधणाऱ्याला तो अडवत नाही. सहावीतल्या मुलाचं वेगळं. त्याच्या टॅबलेटवर गूगलचं फॅमिली लिंक लावलं, म्हणजे नवं ॲप घ्यायचं तर आईच्या फोनवर विचारणा येते. त्याने व्हीपीएन ॲपची वाट बंद झाली.

टॅबलेटवर आणखी एक प्रश्न होता आणि वहिनींनी तो अचूक पकडला. "साइट बंद झाली, पण गूगलवर फोटो शोधले तर फोटो दिसतातच की!" दिसणारच. शोधाच्या पानावरचे छोटे फोटो त्या साइटवरून येत नाहीत, गूगलच्याच सर्व्हरवरून येतात, आणि गूगलचा पत्ता काही आपण अडवलेला नाही. डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, तिच्यातलं पान किंवा फोटो कळत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम, टेलिग्राम यांच्याबाबतही तेच: एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद.

शोधापुरता मात्र एक मार्ग आहे, आणि तो गूगलनेच ठेवलाय. www.google.com चा पत्ता विचारला असता डीएनएसने forcesafesearch.google.com चा पत्ता दिला, तर गूगल त्या उपकरणावर सेफसर्च, म्हणजे शोधातून प्रौढ मजकूर गाळायची सोय, चालू ठेवतं आणि वापरणाऱ्याला ते बंद करता येत नाही. क्लीनब्राउझिंग नावाच्या दुसऱ्या डीएनएस सेवेचा फॅमिली फिल्टर ही युक्ती वापरतो. म्हणून टॅबलेटच्या Private DNS मध्ये क्लाउडफ्लेअरऐवजी हे घातलं:

```
family-filter-dns.cleanbrowsing.org
```

खात्री कशी करायची, तर कॉम्प्युटरवरून तोच प्रश्न त्यांच्या सर्व्हरला विचारायचा. `nslookup www.google.com 185.228.168.168` असं टाकलं की 216.239.38.120 हा पत्ता आला पाहिजे. सक्तीच्या सेफसर्चचा पत्ता तोच आहे. टॅबलेटवर बघायचं तर गूगलच्या सेफसर्च सेटिंगमध्ये जायचं, तिथे ते कुलूपबंद दिसतं.

हीच सेवा सगळ्या घराला का नाही लावली? कारण ती यूट्यूबलाही मर्यादित मोडमध्ये टाकते. त्या मोडमध्ये व्हिडिओखालच्या कॉमेंट्स दिसत नाहीत आणि काही सरळमार्गी व्हिडिओही गायब होतात. सहावीतल्या मुलाला त्याने फरक पडत नाही. मुलीच्या क्लासचे सर मात्र गणिताच्या व्हिडिओखाली कॉमेंटमध्ये उत्तरं आणि दुरुस्त्या टाकतात. तिच्या फोनवर हे लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिने फिल्टरच काढून टाकला असता, आणि तिचं बरोबरच असतं. क्लीनब्राउझिंगचा हा फिल्टर रेडिटसारख्या मिश्र साइट्सही बंद करतो. थोडक्यात, जितका कडक फिल्टर, तितकं वय कमी हवं.

यादीत काय जातं हे कोणीतरी माणूस ठरवत असतो, हेही विसरू नये. 1.1.1.3 सुरू झाला त्याच दिवशी त्याने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर समुदायाच्या माहितीच्या साइट्सही अडवल्या होत्या. बाहेरून घेतलेल्या वर्गवारीतली चुकीची यादी निवडली गेली होती. क्लाउडफ्लेअरने चूक मान्य करून ती काढली. तुमच्या घरात एखादी शाळेची किंवा आरोग्याची साइट अडली तर आधी हीच शक्यता बघा: फोनचं Private DNS घटकाभर बंद करून, मोबाइल डेटावर साइट उघडते का. उघडली तर दोष साइटचा नाही, यादीचा आहे.

काही आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. मुलीच्या फोनला क्लासच्या वायफायवर नेट चालत नाही, घरी आणि डेटावर व्यवस्थित चालतं. फोनवर काय लिहून येतंय विचारलं, तर Private DNS चा सर्व्हर मिळत नाही अशा अर्थाची सूचना. मग कोडं उरलं नाही. काही ऑफिसं आणि क्लासेस त्यांच्या वायफायवर ८५३ पोर्ट बंद ठेवतात. नाव लिहून ठेवलेल्या अवस्थेत अँड्रॉइड हट्टी असतो. तो सर्व्हर मिळाला नाही तर फोन दुसऱ्या कोणाला विचारत नाही, नेट बंद पडलेलं चालेल म्हणतो. फिल्टरच्या दृष्टीने हा गुणच आहे, पण माहीत नसेल तर माणूस वायफायला शिव्या घालत बसतो. क्लासला पोर्ट उघडायला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने तिथे डेटा वापरायचा असं ठरलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, आणि तीही घडली. कंपनीचा राउटर कंपनी दुरून चालवते. त्याचं सॉफ्टवेअर बदललं किंवा तक्रारीनंतर त्यांच्या माणसाने राउटर रीसेट केला की डीएनएसचे नंबर आणि आपण ठेवलेला पासवर्ड दोन्ही जातात, आणि नेट मात्र पहिल्यासारखं छान चालत राहतं. त्यामुळे कळायला मार्ग नसतो. वहिनींनी ती `nslookup` ची ओळ कॉम्प्युटरवर एका नोटपॅड फाइलमध्ये ठेवली होती. फायबर तुटल्यानंतर कंपनीचा माणूस राउटर बदलून गेला, त्या संध्याकाळी त्यांनी ती चालवली. वरच्या ओळीत परत fe80::1 होता. नव्या राउटरमध्ये आयपीव्हीफोर आणि आयपीव्हीसिक्स दोन्ही पानांवरचे नंबर त्यांनी स्वतः भरले, मला फक्त एवढंच विचारलं की दुसऱ्या पत्त्याच्या शेवटी 1003 आहे की 1113.